मीठ मुठीने, साखर किलोने

गृहविज्ञानाच्या पेपरात 'मिठात व साखरेत पदार्थ का टिकतात?' हा हमखास येणारा प्रश्न. निपाणीच्या माझ्या भाचीचे उत्तर पाठ होते: परासरणाने जंतूंच्या पेशीतले पाणी बाहेर येते आणि ते मरतात. मग तिनेच विचारले, "मामा, लोणच्याला मीठ मूठ-दोन मूठ आणि मोरांब्याला साखर किलोने, असं का?"

प्रश्न उत्तरापेक्षा चांगला होता.

पाणी ओढले जाते ते पाण्यात विरघळलेल्या कणांच्या संख्येमुळे. साखरेचा रेणू मिठाच्या सुमारे सहापट जड, आणि मीठ तर विरघळताच दोन भागांत फुटते. म्हणजे एक ग्रॅम मिठात एक ग्रॅम साखरेच्या जवळजवळ बारापट कण. दाट पाकात हा फरक थोडा कमी भरतो, पण कारण हेच.

आता एक किलो कैरीच्या फोडी घेऊ. त्यात साधारण 850 ग्रॅम पाणी असते. 200 ग्रॅम मीठ चोळले की काही तासांत खार सुटतो, कारण फोडीतलेच पाणी बाहेर येते. मीठ आत-बाहेर सारखे मुरल्यावर खार सुमारे 19 टक्क्यांचा होतो. बहुतेक जिवाणूंना तो झेपत नाही. कैरीची आंबटीही मदतीला असते. मोरांब्यात मात्र पाक 65 टक्क्यांच्या आसपास हवा. किलोभर साखर घातली तर तो 54 टक्केच भरतो, म्हणून आटवून सुमारे 300 ग्रॅम पाणी उडवावे लागते. 'एकतारी पाक झाला का बघ' म्हणणारी आजी हेच मोजत असते.

उत्तरातला 'मरतात' हा शब्द मात्र मला खटकतो. बरेच जंतू नुसते वाढायचे थांबतात. ओला चमचा घातला की त्या जागी खार पातळ होतो आणि काम पुन्हा सुरू. फोडी खाराच्या वर उघड्या राहिल्या की बुरशी आधी तिथेच धरते. मोरांब्यालाही हेच लागू: फेस आला, आंबूस वास सुटला, की पाक पातळ राहिला होता आणि साखर सोसणारे यीस्ट जागे झाले. रक्तदाबामुळे कमी मिठाचे लोणचे घालायचे असेल तर ते थोडेच घालावे, फ्रिजमध्ये ठेवावे. मीठ निम्मे करून बरणी वर्षभर फडताळात ठेवणे हा हिशेब जमत नाही.

आपल्या सीमाभागात एक गंमत आहे. कन्नडमध्ये लोणच्याला उप्पिनकाई म्हणतात. उप्पू म्हणजे मीठ. आपले 'लोणचे'ही लवणापासूनच आले. तिखटाचे नाव दोन्हीकडे नाही. भाचीने हेही पेपरात लिहिले. त्याला गुण मिळाले नाहीत.