निर्जळी उपवास आणि रक्तदाबाची गोळी

हरितालिकेचा निर्जळी उपवास आणि रात्रीचे जागरण आपल्या इंदूरकर मराठी घरांतून आजही श्रद्धेने पाळले जाते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या भगिनींनी त्या दिवशी गोळीचे काय करावे, हा प्रश्न मात्र घरोघरी अनुत्तरित राहतो. कोणी सर्वच गोळ्या बंद करतात, कोणी नित्याप्रमाणे सर्वच घेतात. दोन्हींत धोका आहे.

आमच्या नात्यातील बासष्ट वर्षांच्या एका मावशींची हकीकत पाहा. त्या सकाळी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांची जोडगोळी घेत आणि रात्री अ‍ॅम्लोडिपिन. व्रताच्या दिवशी त्यांनी सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि मग दिवसभर पाण्याला स्पर्श केला नाही. सायंकाळी पूजेच्या पाटावरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या कोसळल्या. मोजता बसून रक्तदाब ११८/७४ भरला, तर आधार देऊन उभे केल्यावर ९२/६०. उभे राहताच वरचा आकडा वीस किंवा अधिक उतरला, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

असे का झाले? त्या जोडगोळीतील दुसरे औषध लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकते. एरवी ते अन्नपाण्याने भरून निघते. निर्जळी दिवशी निघत नाही. शरीरातले पाणी घटले की रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवण्याची शरीराची एक युक्ती असते. टेल्मिसार्टन तीच रोखते. अशा वेळी मूत्रपिंडांवरही ताण पडतो.

पुढील वर्षी मावशींनी पंधरा दिवस आधी डॉक्टरांना विचारले. त्यांनी व्रताच्या सकाळची जोडगोळी वगळून दुसऱ्या दिवशी पारणे करून, भरपूर पाणी प्याल्यावर घेण्यास सांगितले. राहिलेली मात्रा भरून काढण्यासाठी दोन गोळ्या एकदम मुळीच घ्यावयाच्या नाहीत. अ‍ॅम्लोडिपिन मात्र रात्री घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवावयाचे. त्या वर्षी व्रत निर्विघ्न पार पडले.

परंतु हा नियम सर्वांना लागू नाही. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन ही औषधे एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उसळतो, हृदयविकार असल्यास छातीतही दुखू लागते. ती घोटभर पाण्याने घ्यावीतच. ज्यांचे हृदय दुर्बळ आहे त्यांनी पाणी काढणारी गोळी टाळल्यास दम लागतो. अशांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, निर्जळी व्रत करूच नये.

उभे राहता चक्कर आली, लघवी फार कमी व गडद झाली, तर तत्काळ आडवे करून पाय उंच ठेवावेत आणि शुद्ध असल्यास मीठ-साखरेचे पाणी पाजावे. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले तर दवाखाना गाठावा. तेव्हा यंदा व्रताच्या पंधरा दिवस आधी गोळ्यांची पाकिटेच डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि कोणती घ्यावयाची व कोणती वगळावयाची, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.