नव्या शेजाऱ्याला पहिला मेसेज

सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वागताचा मेसेज पडतो. बहुतेक ठिकाणी त्याचा साचा ठरलेला असतो. आधी पुष्पगुच्छ आणि फटाक्यांच्या दोन ओळी, मग नव्या माणसाचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, नोकरी, ते मालक आहेत की भाडेकरू, आणि त्याखाली नियमांची लांबलचक यादी. पुढच्या अर्ध्या तासात ‘स्वागत आहे’ असे तीसेक मेसेज येतात आणि नळाला पाणी किती वाजता येतं हे सांगणारी ओळ त्यांच्याखाली गाडली जाते. नव्या घरात पहिल्या सकाळी नेमकं तेवढंच हवं असतं.

एका मेसेजवर आपण दोन कामं लादतो, ही खरी अडचण आहे. ग्रुपला नव्या कुटुंबाची ओळख करून देणं हे एक काम आणि त्या कुटुंबाला सोसायटीची माहिती देणं हे दुसरं. पहिलं सगळ्यांसमोर आणि थोडक्यात करायचं असतं. दुसरं खासगीत, नीट सुटं करून. म्हणून ॲडमिनने दोन मेसेज लिहावेत.

समजा, ठाण्यातली अठ्ठावीस घरांची, सात मजल्यांची सोसायटी आहे. तिसऱ्या मजल्यावर नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि आजी असं कुटुंब भाड्याने राहायला आलं आहे. ॲडमिनने आधी फोन करून विचारलं, ‘तुम्हाला ग्रुपमध्ये घेऊ का? तिथे तुमचा नंबर सगळ्यांना दिसेल.’ हे विचारणं निव्वळ शिष्टाचारापुरतं नाही. एकदा ग्रुपमध्ये आलं की अठ्ठावीस घरांतल्या प्रत्येक सदस्याला तो नंबर दिसतो आणि तो पुढे कुणाकडे जाईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही. त्यांचा होकार आल्यावर ग्रुपवर हा मेसेज गेला :

> नमस्कार मंडळी 🙏
> आपल्या तिसऱ्या मजल्यावर नवं कुटुंब राहायला आलं आहे. त्यांना विचारून आज ग्रुपमध्ये घेतलं आहे.
> नव्या शेजाऱ्यांनो, मनापासून स्वागत! 🌼 सामान लावून झालं की निवांत ओळख करून घेऊच. तोवर काही अडलं तर मला सरळ फोन करा.
> या ग्रुपवर पाणी, वीज, लिफ्ट आणि सोसायटीच्या सूचना येतात. बाकी गप्पांसाठी आपला वेगळा ‘कट्टा’ ग्रुप आहे.

यात नाव, नोकरी, मुलीची शाळा यातलं काहीच नाही. ज्याची ओळख, ती त्याने आपल्या तोंडाने आणि हवी तेवढीच करून द्यावी. ‘भाडेकरू’ हा शब्दही मुद्दाम गाळला आहे. भाडेकराराची नोंदणी, पोलिसांकडे द्यायची माहिती हे विषय सेक्रेटरी आणि घरमालक यांच्यातले आहेत. स्वागताच्या ओळीत तो शब्द आला की पहिल्याच दिवशी दोन वर्ग पडतात आणि पुढे पार्किंगच्या प्रत्येक वादात तो शब्द परत येतो.

नियमांची जागा एका ओळीने घेतली आहे. ग्रुपवर कुणी काही वेडंवाकडं टाकलं तर ॲडमिन अडकेल, या भीतीने अनेक जण स्वागतातच दहा कलमं घालतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. त्यात त्याचाही समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसायला हवं. नियम ग्रुपच्या माहितीत, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवावेत. तिथे ते मेसेजच्या ढिगाऱ्यात हरवत नाहीत.

दुसरा मेसेज त्या कुटुंबाला खासगीत गेला :

> 💧 पाणी : सकाळी ६.३० ते ८, संध्याकाळी ७ ते ८. टाकी धुवायची असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर सांगतो.
> 🗑️ कचरा : ओला आणि सुका वेगळा, सकाळी साडेआठच्या आत दाराबाहेर. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून तिसऱ्या पिशवीत.
> 🛵 दुचाकी : जिन्यामागच्या ओळीत. चारचाकीच्या जागेबद्दल सेक्रेटरींशी बोलावं लागेल.
> 🔧 भिंतीत ड्रिल : दुपारी २ ते ४ नको, खालच्या मजल्यावर लहान बाळ झोपतं.
> 🛗 लिफ्ट अडकली तर आतली घंटा दाबा, वॉचमनकाका येतात.
> हे सगळं आजच पाठ करायला नको 😊 आजच्या जेवणाची सोय झाली नसेल तर संकोच न करता सांगा.

इथे इमोजी शोभेसाठी आलेल्या नाहीत. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकच आहे आणि ती त्या ओळीच्या विषयाची खूण आहे. चार दिवसांनी पाण्याची वेळ शोधताना डोळा थेट थेंबावर जातो. म्हणून शब्द मात्र गाळायचा नाही. नुसता 💧 टाकून पुढे आकडे लिहिले तर ती पाण्याची वेळ की टाकी धुण्याची, हा प्रश्न उरतोच. जुन्या फोनवर काही नव्या इमोजी दिसतच नाहीत, त्यांच्या जागी रिकामा चौकोन येतो. लिफ्टची खूण तशातलीच आहे. शेजारी शब्द असला की काही बिघडत नाही.

ओळीने दहा फुलं टाकण्याचा त्रास आणखी कुणाला होतो, ते सहसा लक्षात येत नाही. दृष्टी अधू असलेले लोक फोनला मेसेज वाचून दाखवायला लावतात, तेव्हा फोन प्रत्येक इमोजीचं नाव उच्चारतो. दहा फुलं म्हणजे एकच नाव दहादा ऐकणं. आपल्याकडे 🙏 नमस्कारालाही येतो आणि श्रद्धांजलीलाही. म्हणून तो एकटा न टाकता ‘नमस्कार’ या शब्दाला जोडून टाकलेला बरा.

दोन गोष्टी या मेसेजमध्ये कधीच येऊ नयेत. एक, मुख्य दाराच्या कुलपाचा आकडा किंवा वाय-फायचा पासवर्ड. फॉरवर्ड झालेला मेसेज परत बोलावता येत नाही. दोन, कामवाल्या ताईंचा, दूधवाल्यांचा नंबर त्यांना न विचारता. त्यांनाही होकाराचा हक्क आहे.

मेसेज जमला की नाही, हे पहिल्या आठवड्यातल्या फोनवरून कळतं. लागोपाठ दोन नव्या कुटुंबांनी ‘पाइप गॅसचं बिल कुठे येतं?’ असं विचारलं तर ती ओळ मेसेजमध्ये नाही, ती घाला. आणि उन्हाळ्यात पाण्याच्या वेळा बदलल्या की जुना मेसेज तसाच पुढे पाठवू नका. चुकीच्या वेळेपेक्षा वेळ न सांगितलेली बरी. म्हणून मजकुराच्या शेवटी तो कधी सुधारला ती तारीख लिहा.

तुम्ही ॲडमिन असाल तर पुढचं बिऱ्हाड येण्याची वाट पाहू नका. हे दोन्ही मेसेज आजच लिहून ठेवा आणि सोसायटीत सगळ्यात शेवटी राहायला आलेल्या घराला वाचायला द्या. यात काय राहिलं, हे तेच घर सगळ्यात नेमकं सांगेल.