परीक्षकांना लिहायचे पत्र
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाचा संपादक बहुतेक वेळ काय करत असतो, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. तो वाट पाहत असतो. लेखकाकडून निबंध आला की त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे तो तपासायला पाठवायचा, त्यांचे अहवाल मागवायचे आणि त्यावरून छापायचे, सुधारून मागवायचे की परत करायचे हे ठरवायचे, अशी ही पद्धत. या जाणकारांना आपण परीक्षक म्हणू. परीक्षकाला या कामाचे मानधन सहसा मिळत नाही आणि त्याचे नावही छापले जात नाही. आपली शिकवणी, पेपर तपासणे, घरचे लग्नकार्य सांभाळून तो हे काम करतो. त्यामुळे अहवाल उशिरा येणे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. प्रश्न एवढाच की, उशीर आठवड्यांच्या हिशेबात गेला म्हणजे संपादकाने पत्र कसे लिहावे?

आधी हे समजून घेऊ की, या वाट पाहण्यात अडकते कोण. एक निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे द्यायचा, असा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे निर्णय होईपर्यंत लेखकाचे हात बांधलेले. मुंबईशी संबंध असलेली एक जुनी हकिगत इथे आठवते. जॉन जेम्स वॉटरस्टन नावाचा स्कॉटिश गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या उमेदवारांना मुंबईत शिकवत असे. वायूचे कण कसे धावतात आणि त्यावरून उष्णतेचा उलगडा कसा होतो, यावर त्याने १८४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीकडे निबंध पाठवला. परीक्षकांना तो पटला नाही. पण न छापलेला निबंध परतही मिळाला नाही, कारण सोसायटीकडे आलेले लेखन तिच्या दप्तरातच राहत असे. पुढे लॉर्ड रॅले यांना तो दप्तरात सापडला आणि १८९२ साली छापून आला. वॉटरस्टन त्याआधीच, १८८३ साली, बेपत्ता झाला होता. तिथे दोष उशिराचा नव्हता, निकालाचा होता, हे खरे. पण कागद दुसऱ्याच्या कपाटात अडकून पडणे म्हणजे काय, ते या गोष्टीवरून कळते.

आता आजचे उदाहरण घेऊ. तपशील थोडे बदलले आहेत, म्हणजे कुणी ओळखू येणार नाही. विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर एका तरुण संशोधिकेचा निबंध आमच्याकडे आला. तिने चाळीस विहिरींचे नमुने पावसाळ्यानंतर घेतले होते. एक परीक्षक वेळेत मोकळे झाले. दुसरे एक ज्येष्ठ प्राध्यापक. त्यांनी ३ फेब्रुवारीला होकार दिला, तीन आठवड्यांनी म्हणजे २४ फेब्रुवारीला अहवाल द्यायचे ठरले, आणि मार्च संपत आला तरी काही नाही. संगणकाने आपोआप पाठवलेली तीन स्मरणपत्रे जाऊन आली होती. अशा पत्रांचे काय होते ते आपण जाणतोच. विजेच्या बिलाच्या आठवणीकडे माणूस जसे पाहतो, तसेच त्यांच्याकडे पाहिले जाते.

इथे अडचण उशिरापेक्षा ऋतूची होती. भूजलाचा अभ्यास करणारे पावसाआधीचे आणि पावसानंतरचे असे दोन्ही नमुने महत्त्वाचे मानतात, कारण पाणी मुरले की क्षारांचे प्रमाण बदलते. परीक्षकाने उन्हाळ्यातले नमुने मागितले, तर ते मे महिन्यातच घ्यायला हवेत. अहवाल जूनमध्ये आला की पाऊस सुरू झालेला, आणि संशोधिकेचे काम सरळ एक वर्ष पुढे गेले. प्रबंध देण्यापूर्वी एक निबंध छापून यावा ही अट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली आहे, पण नोकरीच्या मुलाखतीत छापलेल्या निबंधाविषयी विचारणा होतेच.

लेखणी उचलण्यापूर्वी संपादकाने एक गोष्ट मात्र तपासलीच पाहिजे. उशीर खरोखर परीक्षकाचाच आहे का? अनेकदा अहवाल लिहून तयार असतो, संगणकावर जतनही केलेला असतो, फक्त शेवटचे ‘सादर करा’चे बटण दाबायचे राहिलेले असते. कधी तो कार्यालयातल्या कुणाच्या पत्त्यावर येऊन पडलेला असतो. कधी निबंधासोबतची आकृत्यांची फाइल उघडतच नसते आणि परीक्षक संकोचाने गप्प असतात. ज्याने काम केले आहे त्यालाच ‘काम झाले नाही’ असे लिहिले, तर तो परीक्षक पुन्हा कधी होकार देणार नाही. आम्ही पाहिले, आमच्याकडे खरोखर काहीच आले नव्हते. तेव्हा ३१ मार्चला संपादकाच्या सहीने पत्र गेले. मूळ इंग्रजीत होते, त्याचा आशय मराठीत असा:

‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइडविषयीचा निबंध तपासण्याचे आपण ३ फेब्रुवारीला मान्य केले, याबद्दल आभारी आहे. अहवालाची तारीख २४ फेब्रुवारी होती. आज त्याला पाच आठवडे झाले. निबंधावरचा निर्णय आता केवळ आपल्या अहवालासाठी थांबला आहे. लेखकांना पावसाआधी काही नमुने घ्यावे लागणार असतील, तर त्यासाठी मे महिनाच हाती आहे. म्हणून मला ही घाई करावी लागते. १० एप्रिलपर्यंत आपला अहवाल मिळू शकेल का? सविस्तर लिहायला सवड नसेल, तर मुख्य आक्षेप आणि आपली शिफारस एवढे एका पानातही चालेल. निबंधाचा एखादा भाग आपल्या विषयाबाहेरचा वाटत असेल, तर तसे कळवावे. त्या भागासाठी मी दुसरी व्यवस्था करीन. आणि हे काम आता शक्यच नसेल, तर दोन ओळींत तसे सांगावे. त्यात मला काहीही वावगे वाटणार नाही. १० तारखेपर्यंत आपल्याकडून काही न कळल्यास, आपल्याला सवड नाही असे समजून मी ११ एप्रिलला दुसऱ्या परीक्षकांना विनंती करीन. कळावे, लोभ असावा.’

यात सर्वांत उपयोगाचे वाक्य कोणते? माझ्या मते शेवटून दुसऱ्या ओळीतले. ‘कृपया लवकरात लवकर पाठवा’ असे लिहिण्यात सौजन्य दिसते, पण त्याला उत्तर देण्याचे बंधन कुणावर येत नाही. लवकरात लवकर म्हणजे केव्हा? तारीख दिली, आणि त्या तारखेनंतर आपण काय करणार तेही सांगून ठेवले, की ती धमकी राहत नाही, वेळापत्रक होते. मात्र मग ११ एप्रिलला खरोखरच दुसऱ्याला विचारले पाहिजे. नाहीतर पुढच्या पत्राला किंमत उरत नाही. १० एप्रिल ही तारीखही हवेतून काढलेली नव्हती. नवा परीक्षक शोधायला आठवडा आणि त्याला दोन आठवडे धरले, तर मे महिना उजाडतो. त्यापलीकडे थांबण्याची सोयच नव्हती.

आता त्यात काय नाही तेही बघा. पहिल्या परीक्षकाचा अहवाल आला आहे एवढे सुचवले आहे, पण त्यात काय म्हटले आहे याचा एक शब्दही नाही. तो कळला की दुसऱ्याचे मत स्वतंत्र राहत नाही. लेखिका कोण, तिची परिस्थिती काय, हेही नाही. आमच्याकडे परीक्षकाला लेखकाचे नाव कळू देत नाहीत. आणि नाव कळत असते तरीही दयेपोटी लिहिलेल्या अहवालाचा उपयोग काय? मे महिन्याचा उल्लेखही ‘घ्यावे लागणार असतील तर’ असाच आहे. नमुने मागावेत असे संपादक सुचवत नाही. शिवाय ‘आपण फार व्यग्र असाल, मला कल्पना आहे’ हे नेहमीचे वाक्य गाळले आहे. ते लिहिले की सबब आपणच त्यांच्या हाती आयती देतो.

‘एखादा भाग विषयाबाहेरचा’ हे वाक्य का घातले, ते सांगायला हवे. अहवाल रखडतो तो दरवेळी आळसामुळे नाही. पुष्कळदा परीक्षक निबंधाच्या एका भागाशी अडलेला असतो. रसायन कळते, पण आकडेवारीची रीत नवी असते. ज्येष्ठ माणसाला ‘हे मला येत नाही’ असे म्हणणे जड जाते, आणि मग तो कागद टेबलाच्या खालच्या कप्प्यात जातो. संपादकानेच दार उघडून दिले की ते म्हणणे सोपे होते. आमच्या प्राध्यापकांचे नेमके हेच झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे उत्तर आले, की पाण्याच्या रसायनावर मी लिहितो, गणिताचे कुणाला तरी दाखवा. ९ एप्रिलला दीड पानांचा अहवाल आला. त्यात त्यांनी उन्हाळ्यातले नमुने मागितलेच, पण चाळीसही विहिरींचे नाही. ज्या अकरा विहिरींत फ्लोराइड जास्त होते, तेवढ्यांचेच. गणिताचा भाग एका संख्याशास्त्रज्ञ बाईंनी आठवड्याभरात पाहून दिला.

एका पानाची सवलत देण्यात धोकाही आहे. घाईत कधी कधी ‘निबंध चांगला आहे, छापावा’ एवढ्या दोनच ओळी येतात. अशा अहवालात निबंधातल्या एकाही कोष्टकाचा, आकृतीचा किंवा विशिष्ट विधानाचा उल्लेख नसतो. तो कुठल्याही निबंधाला चिकटवता येईल. तसे आले तर ते अहवाल म्हणून धरू नये, आभार मानून तिसरा परीक्षक शोधावा. उशीर झालेला चालतो, पण पोकळ अहवालावर घेतलेला निर्णय नंतर निस्तरता येत नाही.

आणि पत्राला उत्तरच आले नाही तर? मग ठरल्या दिवशी चार ओळींचे शेवटचे पत्र जाते. आपल्याला या कामातून मोकळे करीत आहोत, निबंधाची प्रत कृपया नष्ट करावी, त्यातला मजकूर गोपनीय मानावा, पुढे सवड असेल तेव्हा आपल्याला पुन्हा विचारू. त्यात नाराजीचा सूर नको. त्याच दिवशी लेखकालाही कळवायचे, की एक परीक्षक बदलावा लागला आहे आणि निर्णयाला आणखी साधारण तीन आठवडे लागतील. हे दुसरे पत्र पाठवायचे बहुतेक संपादकांच्या ध्यानात राहत नाही.