बिलाखाली चिकटवलेली जाहिरात

“ते आमचे ग्राहकच आहेत, मग त्यांना डीएनडी कसला लागू होतो?” दुकानदार, क्लासवाले, दवाखानेवाले, सगळ्यांकडून मी हे वाक्य ऐकत आले आहे. पलीकडचा ग्राहकही तेच गृहीत धरतो: एकदा नंबर दिला, आता त्यांचे मेसेज सोसलेच पाहिजेत. दोघेही चुकतात. या चुकीमुळेच डीएनडी असलेल्या फोनवर रात्री साडेदहाला सेलचा मेसेज वाजतो आणि डीएनडी ही नुसती धूळफेक आहे असा समज आणखी पक्का होतो.

भारतात व्यापारी एसएमएसचे नियम ट्रायच्या २०१८ च्या विनियमांतून आणि त्यांत फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीतून येतात. मेसेज कोणत्या प्रकारात मोडतो हे त्यातल्या मजकुरावरून ठरतं. पाठवणाऱ्याशी तुमची ओळख आहे की नाही, यावरून ठरत नाही.

समजा, तुम्ही साड्यांच्या दुकानात साडी घेतली, ब्लाउज शिवायला टाकला आणि नंबर दिला. “ब्लाउज तयार आहे, घेऊन जा” हा मेसेज सेवेचा. तो डीएनडी असतानाही येतो, आणि यावाच. त्यासाठीच तर नंबर दिला होता. महिन्याभराने “पैठणीवर २० टक्के सूट” असा मेसेज आला, तर ती जाहिरात. दुकान तेच, ग्राहक तोच, तरीही जाहिरातच. आणि “ब्लाउज तयार आहे, येताना नव्या पैठण्या बघा, २० टक्के सूट” हा मेसेज? तोही जाहिरातच धरायचा. कामाच्या ओळीला विक्रीची ओळ चिकटवली की पूर्ण मेसेज जाहिरात होतो. ही पळवाट इतक्या सर्रास वापरली जाते की मला तिचा राग येतो.

प्रकार बदलला की मेसेजचा मार्गही बदलतो. दुकानाला आधी डीएलटी प्रणालीवर नाव नोंदवावं लागतं, मग हेडर, म्हणजे मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, आणि मग मजकुराचा साचा. साचा नोंदवतानाच प्रकार सांगायचा असतो. जाहिरात म्हणून नोंदवलेला मेसेज सुटण्याआधी तुमची पसंती तपासली जाते आणि वेळही पाहिली जाते. २०१० च्या नियमांत रात्री ९ ते सकाळी ९ बंदी होती. २०१८ पासून दिवसाचे वेळपट्टे आहेत. तुम्ही काही बदललं नसेल, तर जाहिरातींना सकाळी १० ते रात्री ९ एवढीच मुभा. सेवेच्या आणि व्यवहाराच्या मेसेजला यातली कुठलीही अडकाठी नाही, कारण ओटीपी किंवा खात्यातून पैसे गेल्याची सूचना सकाळपर्यंत थांबवून चालत नाही.

मेख इथेच आहे. साच्यात नाव, रक्कम, तारीख यांसाठी मोकळ्या जागा असतात. साचा सेवेचा म्हणून मंजूर करून घ्यायचा आणि त्या मोकळ्या जागेत सेलचा मजकूर भरायचा, की जाहिरात दोन्ही चाळण्यांतून निसटते. म्हणजे रात्रीचा तो मेसेज आला तो डीएनडी बंद पडल्यामुळे नाही. त्याच्यावर चुकीचा शिक्का मारलेला होता.

हा शिक्का आता तुम्हालाही दिसतो. २०२५ च्या दुरुस्तीने हेडरच्या शेवटी एक अक्षर जोडलं: `-P` जाहिरात, `-S` सेवा, `-T` व्यवहार, `-G` सरकारी. `VM-ABCDEF-S` अशा नावाने सवलतीची जाहिरात आली, तर गफलत तिथेच उघडी पडते.

दुकानदाराला जुन्या ग्राहकांना सेल कळवायचाच असेल, तर रस्ता आहे: त्यांची स्पष्ट, नोंदवलेली संमती. ती असेल तर डीएनडी असलेल्या ग्राहकालाही जाहिरात पाठवता येते, आणि ग्राहक ती संमती कधीही मागे घेऊ शकतो. बिलासाठी दिलेला नंबर म्हणजे ही संमती नव्हे.

बाकीचे समज थोडक्यात. डीएनडी लावला की ओटीपी बंद होतात? नाही. डीएनडी म्हणजे सगळं बंद किंवा सगळं चालू? नाही, १९०९ वर बँकिंग, घरबांधणी, शिक्षण असे विषय वेगवेगळे बंद-चालू करता येतात. साध्या दहा आकडी नंबरावरून येणाऱ्या जाहिराती डीएनडी गाळतो? नाही, त्या या नोंदणीतून जातच नाहीत; पण त्यांचीही तक्रार होते आणि तो नंबर बंद होऊ शकतो. व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती? त्या या चाळणीच्या बाहेर आहेत.

तक्रार १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर करायची, मेसेज आल्यापासून सात दिवसांच्या आत. पूर्वी ही मुदत तीनच दिवसांची होती. तक्रारीत पाठवणाऱ्याचा हेडर, तारीख आणि मजकूर लागतो, म्हणून चिडून मेसेज आधी पुसू नका.