शनिवारी चार वाजता, अण्णांबद्दल

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं की घरी न्यायचं, यावरची भांडणं बैठकीत पेटतात असं वाटतं. माझ्या अनुभवात त्यातली बरीचशी बैठकीच्या निरोपातच पेटलेली असतात. ‘उद्या सगळे या, अण्णांचं ठरवायचंय’ एवढाच निरोप गेला की निफाडची बहीण समजते, ठरवून झालंय, आपल्याला फक्त मान डोलवायला बोलावलंय. सिन्नरचे मामा समजतात, पैसे मागणार. अमेरिकेतला धाकटा विमानाचं तिकीट काढतो आणि उतरल्या उतरल्या डॉक्टरांशी वाद घालतो. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना मला या निरोपाचंच वेड लागलं. लोक जुनी नाणी जमवतात, मी असे निरोप जमवते.

कायद्याची बाजू थोडक्यात उरकते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे, पण त्यांना चांगल्या केंद्रात ठेवून नीट पाहणं म्हणजे सोडणं नव्हे. मेडिक्लेम साधारणपणे रुग्णालयातल्या उपचारांचे पैसे देतो, महिनोन्‌महिने चालणाऱ्या शुश्रूषेचे नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर नवं मुखत्यारपत्र होत नाही, वेळ आली तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून बँकेचं खातं जोडनावाने आहे का, हे पहिल्याच दिवशी बघा. आणि एक आठवण : पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, त्यासाठी घरी किंवा दवाखान्यात माणूस पाठवायची बँकेला विनंती करता येते.

आता निरोपाकडे येऊ. दोन-तीन घरांच्या गोष्टी एकत्र करून, ओळख पुसून, एकच घर सांगते. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले अण्णा, वय ७४. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ, त्यामुळे उजवं अंग लुळं आणि बोलणं गेलेलं. सोळाव्या दिवशी धोका टळलेला, पण नाकातून नळी, लघवीची पिशवी आणि माकडहाडावर लालसर चट्टा, म्हणजे बेडसोअरची सुरुवात. आईंचे गुडघे गेलेले. थोरला मुलगा सिडकोत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, बुधवारी डिस्चार्ज.

हे ऐकल्यावर नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, ‘मग बरे झाले ना?’ इथेच निरोपाचं पहिलं काम सुरू होतं. डिस्चार्ज म्हणजे बरं होणं नाही, हे त्यात साध्या शब्दांत हवं. घरी न्यायचं म्हणजे दर दोन-तीन तासांनी नळीतून दोनशे मिलीच्या आसपास पातळ अन्न द्यायचं, त्या वेळी आणि नंतर तासभर डोकं उंच ठेवायचं, नाहीतर अन्न उलटून फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. रात्रीचं हे ‘सुद्धा’ लिहिलं नाही तर पुढची सगळी चर्चा हवेत होते. ‘आम्ही बघू’ म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुपारचा रुग्ण असतो, पहाटे तीनचा नसतो.

त्या घराने शेवटी पाठवलेला निरोप, थोडा साफ करून, असा :

‘नमस्कार. अण्णांना झटका येऊन आज १६ दिवस झाले. जिवाचा धोका टळला आहे, पण उजवी बाजू हलत नाही, बोलता येत नाही, जेवण नळीने आहे. बुधवारी सोडतील. पुढे दिवसरात्र माणूस लागेल. त्यांना कुठे ठेवायचं हे अजून ठरलेलं नाही. ते ठरवायला शनिवारी ४ ते ५ दवाखान्यात भेटू, पहिली २० मिनिटं डॉक्टर असतील. तीन मार्ग दिसतात. एक, घरी आणून ब्यूरोची दोन माणसं. दोन, शुश्रूषा केंद्रात कायम. तीन, फिजिओथेरपी असलेल्या केंद्रात सहा आठवडे आणि मग पुन्हा बसून ठरवणं. आमचा कल तिसऱ्याकडे आहे, कारण सुधारणा व्हायची ती पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त होते आणि आईला उचलाउचल झेपणार नाही. चौथा मार्ग सुचला तर शुक्रवारपर्यंत सांगा. खर्चाचा कागद सोबत आहे. आपण दरमहा पैसे किंवा वेळ किती देऊ शकतो याचा विचार करून या. आई, दादा, वहिनी, ताई.’

यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘अजून ठरलेलं नाही’ आणि ‘आमचा कल’ यांचं शेजारी शेजारी असणं. काही घरं कल लपवतात आणि बैठकीत एकदम काढतात, त्याचा वास येतोच. काही घरं फक्त कलच सांगतात. कल उघड सांगावा, कारण सांगावं आणि तो मोडायला दोन दिवस द्यावेत. दुसरं, खाली वहिनींची सही. घरी न्यायचं ठरलं तर काम पडणार त्यांच्यावर, आणि बैठकीत त्या चहा आणायला उभ्या, असं मी फार पाहिलंय. सुनेला नाव घेऊन बोलवा.

कुणाला बोलवायचं हा प्रश्न रक्ताच्या नात्याने सुटत नाही. त्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे मुंबईच्या केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग. नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर त्या जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. १९८० च्या दशकात महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवायचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि बेत सोडावा लागला. पुढे एका लेखिकेचा दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की अरुणांच्या बाजूने बोलायचा हक्क अर्ज करणाऱ्या लेखिकेचा नाही, रोज त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. आपल्या घरात हे लहान प्रमाणात होतं. अण्णांच्या बैठकीला मी शेजारच्या काकांना बोलवायला लावलं, कारण रोज दाढी करायला तेच येत आणि अण्णा डाव्या हाताने वस्तरा पकडू पाहतात हे फक्त त्यांना माहीत होतं. थोरल्या मुलाला ते पटलं नव्हतं.

आणि स्वतः अण्णा. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं धरून लोक त्यांच्या उशाशी त्यांच्याबद्दल बोलतात. आधी तपासा. हात दाबून ‘हो’, डोळे मिटून ‘नाही’, असं ठरवा आणि उत्तर माहीत असलेले प्रश्न उलटसुलट विचारा. तुम्ही नाशिकमध्ये आहात का? तुम्ही नागपूरला आहात का? तुमचं नाव हे का, ते का? सगळ्याला ‘हो’ आलं तर ती खूण विश्वासाची नाही, स्पीच थेरपिस्टला बोलवा. उत्तरं बरोबर बदलली तर तीन मार्ग एकेक करून, सावकाश, त्यांनाही विचारा. सकाळी विचारा, संध्याकाळी माणूस थकलेला असतो. अण्णांनी ‘केंद्र’ला नाही म्हटलं आणि ‘सहा आठवडे’ला हो. हे बैठकीत सांगितलं तेव्हा ताई पहिल्यांदा शांत झाल्या.

थोडं विषयांतर. लांबून येणाऱ्या नातेवाइकाबद्दल १९९१ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांच्या वैद्यकाच्या एका नियतकालिकात लेख आला होता. त्यात त्याला ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ असं नाव दिलंय : वर्षानुवर्षं दूर, आता येऊन सगळं बदला म्हणते. कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे तिला न्यूयॉर्कची म्हणतात. आपल्याकडे तो बहुधा न्यू जर्सीचा मुलगा असतो आणि मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते. त्याने वडिलांना शेवटचं पाहिलं ते चालताबोलताना, इतरांनी सोळा दिवस बदल पाहिलाय. त्याला निरोपासोबत एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, अण्णांना कूस बदलवतानाचा, आणि बैठकीची वेळ त्याच्या झोपेच्या वेळेशी जुळवून घ्या. नाशिकचे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडची सकाळ. चार वाजता तो पहाटे डोळे चोळत बसतो, मग चिडतोच. या घराला डॉक्टरांच्या वेळेमुळे चारच घ्यावे लागले, म्हणून त्याच्याशी आदल्या दिवशी वेगळं बोलून घेतलं.

बैठकीत बोलायचं कुणी, यावर एक फ्रेंच अभ्यास मला फार आवडतो. २००७ चा, २२ अतिदक्षता विभागांतला, मरणासन्न रुग्णांच्या नातेवाइकांचा. ठरवून, ऐकण्यावर भर देऊन घेतलेल्या बैठका साधारण ३० मिनिटं चालल्या, एरवीच्या २०. पण नातेवाइकांच्या बोलण्याची वेळ पाच मिनिटांवरून चौदावर गेली, आणि तीन महिन्यांनी त्यांच्यातली मानसिक आघाताची लक्षणं कमी आढळली. आपला प्रसंग वेगळा आहे, पण दहाच मिनिटं जास्त लागतात हे डॉक्टरांना दाखवायला तो कागद मी जवळ ठेवते. आणि बैठक मिसळीनंतर ठेवा. उपाशी मामा कुठल्याच मार्गाला हो म्हणत नाहीत.

खर्चाचा कागद असा होता. ब्यूरोचा माणूस बारा तासांना ८०० रुपये, दोन पाळ्या, तीस दिवस : ४८ हजार. फिजिओथेरपी साडेबारा हजार. डायपर, औषधं, नळीतलं अन्न दहा हजार. घरचा मार्ग म्हणजे महिना सत्तर हजारांवर, पलंग आणि हवेची गादी वेगळी. नाशिकच्या केंद्राने सांगितले ४० हजार, पण त्यात डायपर आणि औषधं नव्हती, म्हणजे पन्नास. फिजिओथेरपीच्या केंद्राचे ७५ हजार, पण दीडच महिना. अण्णांची पेन्शन ३५ हजार. सगळ्यांना वाटलं होतं घर स्वस्त पडेल. कागद आधी मिळाल्यामुळे हा धक्का ज्याने त्याने आपापल्या घरी पचवला आणि बैठकीत पैशांवर आवाज चढला नाही.

केंद्र बघायला बैठकीआधी दोघांनी जावं, एक तिकडे कल असलेला आणि एक विरोधातला. संध्याकाळी सातनंतर जा, दिवसा सगळीकडे माणसं असतात. रात्री किती रुग्णांमागे किती माणसं, हे आकड्यात विचारा. रुग्णांच्या टाचा बघा, तिथला चट्टा लपवता येत नाही. कूस बदलल्याचा तक्ता मागा. बारा तासांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या दिसल्या, किंवा रात्री दहाची खूण सातलाच भरलेली असेल, तर तिथून निघा. मी एका केंद्रात असा तक्ता पाहिलाय, भिंती मात्र नुकत्याच रंगवलेल्या होत्या. तब्येत बिघडली तर कुठल्या रुग्णालयात हलवणार आणि आधी फोन कुणाला करणार, हे लिहून घ्या. पुण्याच्या वारज्याचं सिप्लाचं केंद्र किंवा वांद्र्याचं शांती आवेदना सदन खूप जण सुचवतात. ती मूळची कर्करुग्णांसाठी आहेत, तेव्हा अण्णांसारख्यांना तिथे घेतात का हे आधीच विचारून घ्या, बैठकीतली दहा मिनिटं त्यावर घालवू नका.

बैठक सव्वा तास चालली. मामांनी घरीच न्या म्हटलं, मग रात्रीची पाळी आठवड्यातून किती दिवस घेणार असं वहिनींनी विचारलं, रागाने नाही, वहीत लिहायला. मामांनी एक रविवार दिला. धाकट्याने पैसे देऊ केले, ताईंनी आठवड्यातून दोन संध्याकाळी. तिसरा मार्ग ठरला आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख तिथेच लिहिली गेली.

दुसऱ्या बैठकीचा निरोप निम्म्या लांबीचा होता. नळी निघाली आहे, चमच्याने दाट पेज घेतात. माकडहाडावरचा चट्टा गेला आहे. आधाराने खुर्चीत चाळीस मिनिटं बसतात, जिना अजून नाही. म्हणून आता प्रश्न केंद्राचा कमी आणि दुसऱ्या मजल्याचा जास्त आहे : तळमजल्यावर भाड्याने दोन खोल्या बघायच्या का, यावर रविवारी बोलू.