ईदच्या धंद्यातला पैसा आणि तारखांचा हिशेब

घरातली शिल्लक भावाच्या, मेहुण्याच्या दुकानात भागीदारीत लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. व्याज नको, नफा-नुकसानीत वाटा हवा, म्हणून अनेक बहिणी हाच मार्ग धरतात. अडचण येते ती हिशेबाच्या वेळी. पैसा एकदम जात नाही आणि नफाही ठरल्या दिवशी येत नाही. मग “वर्षाला किती टक्के सुटले?” या साध्या प्रश्नावर घरात दोन उत्तरं तयार होतात, आणि कधीकधी दोन तोंडंही.

समजा, एका बहिणीने भावाच्या कापड दुकानात १० एप्रिल २०२२ रोजी दोन लाख घातले. रमजानचा माल भरायला १० फेब्रुवारी २०२३ ला आणखी एक लाख दिले. ईदनंतर १५ मे २०२३ ला नफ्याचे ४० हजार मिळाले, पुढच्या ईदनंतर २० मे २०२४ ला ४५ हजार. १० ऑक्टोबर २०२४ ला वाटा मोकळा झाला, तेव्हा ३ लाख २० हजार हाती आले. संगणकावरच्या तक्त्यात हे असं लिहायचं:

```
     A             B
2    10-Apr-2022   -200000
3    10-Feb-2023   -100000
4    15-May-2023     40000
5    20-May-2024     45000
6    10-Oct-2024    320000
```

घरातून गेलेली रक्कम उणे, आलेली अधिक. आता कॉलेजात शिकणारा मुलगा आयआरआरचं सूत्र घालतो:

```
=IRR(B2:B6)
```

उत्तर येतं सुमारे ९.४ टक्के. एवढ्यावर भावाबद्दल मनात किंतु यायला वेळ लागत नाही. पण या सूत्राने तारखा पाहिलेल्याच नाहीत. दोन ओळींमधलं अंतर सारखंच आहे असं ते धरून चालतं. पाच ओळी म्हणजे चार सारखी अंतरं, म्हणजे आपण ९.४ ला वार्षिक म्हटलं की हा व्यवहार चार वर्षांचा ठरतो. प्रत्यक्षात तो अडीच वर्षांत संपला. दुसरी आणि तिसरी ओळ यांत तर जेमतेम तीन महिने आहेत. ९.४ हा दर वर्षाचा नाही, ‘दर ओळीचा’ आहे, आणि त्याला काही अर्थ नाही.

तारखा विचारात घेणारं सूत्र एक्सआयआरआर. त्यात आधी रकमा, मग तारखा:

```
=XIRR(B2:B6,A2:A6)
```

उत्तर १५.८५ टक्के. हे सूत्र पहिल्या तारखेपासून प्रत्येक रकमेचे दिवस मोजतं, त्यांना ३६५ ने भागतं आणि असा एकच वार्षिक दर शोधतं, की त्या दराने सगळ्या रकमा पहिल्या दिवसाच्या किमतीला आणल्या तर दिलेलं आणि मिळालेलं बरोबर जुळेल. तीन लाखांवर एक लाख पाच हजार नफा, म्हणजे ३५ टक्के, भागिले अडीच वर्षं, म्हणजे १४ टक्के, असा तोंडी हिशेबही कमी पडतो. कारण दुसरा एक लाख दुकानात फक्त वीस महिने होता.

तारखा लिहिताना मात्र जपा. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर 10/02/2023 हा २ ऑक्टोबर होतो आणि कुणी काही बोलत नाही. 15/05/2023 ला पंधरावा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख नुसता मजकूर राहते. ती खणात डावीकडे चिकटलेली दिसते आणि सूत्र #VALUE! दाखवतं. एका अर्थी ही चूक बरी, निदान दिसते तरी. सगळे दिवस बारापर्यंतचेच असले तर उत्तर गुपचूप चुकतं. म्हणून महिना वर दाखवल्यासारखा अक्षरांत लिहावा.

वाटा अजून दुकानातच असेल तर शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि वाट्याची आजची किंमत घालावी लागते. ती किंमत अंदाजाची, आणि सगळा भार तिच्यावरच. आपल्या उदाहरणात ३ लाख २० हजारांऐवजी २ लाख ८० हजार धरले तर दर १०.२ वर येतो. तेव्हा आधी मालाची मोजदाद आणि उधारी दोघांनी बसून पाहावी, सूत्र नंतर.

थोड्या दिवसांच्या व्यवहाराला तर हे सूत्र लावूच नये. लाखावर तीस दिवसांत पाच हजार सुटले तर ते ८१ टक्के दाखवतं, कारण तोच नफा वर्षभर दर महिन्याला मिळून पुन्हा धंद्यात लागत राहील असं ते मानतं. ईदचा महिना वर्षात बारा वेळा येत नाही.

आणि हा दर झालेल्या व्यवहाराचं माप आहे. पुढच्या करारात “भांडवलावर १५.८५ टक्के देईन” असं लिहून घेतलं, तर ती भागीदारी राहत नाही, व्याजच होतं. करारात नफ्यातला हिस्सा लिहायचा: निम्मा, एक तृतीयांश, जो ठरेल तो.