एक गाणं, एकच वस्तू

शनिवार पेठेतली, आमच्या ओळखीची एक मुलगी एम.एस. करायला जर्मनीला गेली आणि तिथं तिला आयुष्यातलं पहिलं गाणं सुचलं. तिनं ते मला पाठवलं. त्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा होता, ओंकारेश्वराची घंटा होती, ढोलताशा होता, आमटीची फोडणी होती, पहिला पाऊस होता आणि अर्थातच आई होती. सगळं खरं होतं. तरीही ऐकताना काही हलत नव्हतं. का? एवढ्या आवडत्या वस्तू एकत्र आल्या की घराची ओढ दाट व्हायला हवी, ती पातळ कशी झाली?

याचं उत्तर शोधायला आपल्याला इंग्लंडच्या किनाऱ्यावर, १९०९ सालच्या डिसेंबरात जावं लागेल.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. होऊन १९०६ मध्ये बॅरिस्टरीसाठी लंडनला गेलेले विनायक दामोदर सावरकर तेव्हा ब्रायटनला होते. वर्ष फार वाईट गेलं होतं. थोरल्या भावाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, मदनलाल धिंग्रांना ऑगस्टमध्ये फाशी झाली होती, परीक्षा होऊनही बॅरिस्टरीची सनद मिळत नव्हती. सोबत बिपिनचंद्र पालांचा मुलगा निरंजन होता. त्या किनाऱ्यावर ‘सागरास’ ही कविता जन्मली. सावरकर लहानपणापासून कविता करत, त्यामुळे हे काही त्यांचं पहिलं गाणं नव्हे. पण पहिलं गाणं लिहिणाऱ्यानं शिकावं असं सगळं त्यात आहे.

आता गंमत पाहा. घर आठवणारा हा तरुण घराचं वर्णन करत बसत नाही. भगूर नाही, गोदावरी नाही, पुण्यातलं तर काहीच नाही. तो समोर जे दिसतंय त्याच्याशी भांडतो! आणि समोर काय दिसतंय? पाणी.

पण हे पाणी साधं नाही. ब्रायटनला पायाशी येणारा समुद्र आणि मुंबईच्या बंदरातून त्यांची बोट निघाली तो समुद्र, पाणी सलग एकच. म्हणजे निवडलेली वस्तू इथंही आहे आणि तिथंही आहे. आमटी फक्त तिथं आहे, बर्फ फक्त इथं आहे. समुद्राचं मात्र एक टोक परदेशात आणि दुसरं घरी. ओढ म्हणजे दोन टोकांमधला ताणच की! मग दोन्ही टोकांना बांधलेली वस्तू सापडली, की ताण आपोआप तयार होतो. तो शब्दांनी सांगावा लागत नाही.

दुसरं आश्चर्य याहून मोठं आहे. या समुद्रानं काहीतरी केलेलं आहे. कवितेत तोच भूमातेचे, आईचे पाय धूत असे, त्यानंच चल, जग पाहून येऊ, म्हणून भुलवलं, आणि आईच्या मनात शंका आली तेव्हा परत आणून सोडीन असा शब्दही त्यानंच दिला. तो शब्द त्यानं मोडला. म्हणजे समुद्र इथं देखावा राहत नाही, आरोपी होतो. आणि आरोपी सापडला की रडणाऱ्याला भांडता येतं.

मग एकाच वस्तूतून किती निघतं! लाटांवरचा फेस दिसतो, तर ते निर्दय हसणं ठरतं. समुद्राला नद्या प्रिय, म्हणून नदीच्या विरहाचीच त्याला शपथ घातली जाते. समुद्रावर राज्य इंग्रजांचं, म्हणून हा त्यांना भितो असा टोमणा. आणि शेवटी काय? एका आचमनात समुद्र पिऊन टाकणाऱ्या अगस्तींची आठवण करून दिली जाते. विनवणीनं सुरू झालेलं गाणं धमकीवर येऊन थांबतं आणि समुद्राची सोबत सुटत नाही. मध्ये पिंजऱ्यातला पोपट, पाशातलं हरीण, पारखी झालेली फुलबाग आणि आईची झोपडी येऊन जातात खरे, पण ते पाहुणे. घर समुद्राचंच.

यात ध्रुवपदाचं काम लक्षात घ्या. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच ओळ परत येते, सागराला हाक मारून प्राण तळमळला म्हणणारी. शब्द तेच, पण शब्द दिल्याच्या गोष्टीनंतर ती आठवण करून देते, नदीच्या विरहाच्या शपथेनंतर ती गळ घालते, अगस्तींनंतर तिच्यात जरब येते. गाण्यात मध्यवर्ती वस्तू ध्रुवपदात का ठेवायची, ते इथं कळतं. ती पुन्हा पुन्हा येणार असते आणि दर खेपेला तिच्यात थोडी भर पडलेली असावी लागते. हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावल्यावर तर हे वाचून नव्हे, ऐकूनच समजतं.

आता पेठेतल्या मुलीकडे परत येऊ. यादीतली एकेक वस्तू आम्ही तपासली. दिल्ली दरवाजा? तो सगळ्या पुण्याचा. तिचं आणि त्याचं काही घडलेलंच नव्हतं. पाऊस? तो दोन्हीकडे पडतो, पण तो कुणाशी वाईट वागला नव्हता. मग मी विचारलं, “तिकडे गेल्यावर तुला सगळ्यात जास्त राग कशाचा आला?”

ती म्हणाली, “काका, घड्याळाचा.”

कारण ऐका. जर्मनीत उन्हाळ्याची वेळ चालू असते तेव्हा पुणे साडेतीन तास पुढे. तिचं लेक्चर पाचला सुटतं. तेव्हा घरी साडेआठ, आजी जागी. फोन होतो. मग येतो ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. रात्री तीन वाजता तिकडची घड्याळं एक तास मागे, दोनवर येतात. आपण आपली घड्याळं हलवत नाही. फरक साडेचार तास! सोमवारी लेक्चर पाचलाच सुटतं, पण घरी साडेनऊ वाजलेले. आजी झोपलेली. कुणी एक पाऊल टाकलं नाही आणि घर एका रात्रीत तासभर लांब गेलं!

आणि घरी? वाड्यातल्या खोलीत आजोबांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ. आठवड्यातून एकदा चावी द्यायची, आठ दिवस चालतं. दर रविवारी स्टुलावर चढून चावी द्यायचं काम हिचं. ती गेल्यापासून ते सव्वासातवर उभं आहे, कारण आजीचा हात पोचत नाही आणि बाबांच्या लक्षात राहत नाही.

सापडली की नाही वस्तू? इथंही आहे, तिथंही आहे. काहीतरी केलंय, काहीतरी करायचं थांबवलंय. पहिल्या कडव्यात रविवार आणि स्टूल, दुसऱ्यात तास चोरणारी ऑक्टोबरची रात्र, तिसऱ्यात सव्वासात. ध्रुवपदात घड्याळालाच विचारायचं, किती वाजले? पहिल्यांदा तो साधा प्रश्न, दुसऱ्यांदा तक्रार. तिसऱ्यांदा उत्तर मिळणारच नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं.

धोका एकच. वस्तू सापडल्याच्या आनंदात तिच्यावर तत्त्वज्ञान लादायचा मोह होतो. तिच्या पुढच्या खर्ड्यात घड्याळ लगेच काळपुरुष झालं होतं, जीवनाचे काटे फिरू लागले होते. ते सगळं खोडावं लागलं. सावरकरांचा समुद्र शेवटपर्यंत ओला आहे. तो फेसाळतो, नद्या घेतो, पिऊन टाकता येतो. घड्याळानंही घड्याळाचीच कामं करावीत: चालावं, मागे पडावं, टोले द्यावेत, बंद पडावं.

तुम्ही परदेशातून पहिलं गाणं लिहीत असाल तर खर्डा झाल्यावर एक करून पाहा. त्यातले ‘आठवण’, ‘दूर’ आणि ‘घर’ हे तीन शब्द काढून टाका आणि उरलेलं कुणाला तरी वाचून दाखवा. त्याला तरीही कळलं की तुम्हाला परत यायचंय, तर चाल शोधायला लागा. नाही कळलं, तर शब्द बदलत बसू नका, वस्तू बदला.